आठवड्याच्या तापमानाचा विस्तार: दोन शहरांची तुलना करताना तो कुठे फसवतो आणि मग काय मोजायचं

मे महिन्यात विदर्भातल्या कुठल्याही खेड्यात सकाळचा पेपर आला की आधी तापमानाची चौकट बघितली जाते. अकोला, अमरावती, बुलडाणा, ब्रह्मपुरी, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर, वर्धा, वाशीम, यवतमाळ अशी नावं आणि समोर कमाल-किमान. शाळेत सांख्यिकीचा धडा शिकवायला याहून चांगलं साहित्य मला सापडलेलं नाही. मुलांना आकड्यांमागचं ऊन माहीत असतं, त्यामुळे आकडा खोटं बोलायला लागला की ते लगेच ओळखतात.

आकडा खोटं बोलतो तो बहुतेक वेळा 'विस्तार' काढताना. विस्तार म्हणजे सर्वांत मोठ्या आकड्यातून सर्वांत लहान आकडा वजा करून जे उरतं ते. भूगोलाच्या पुस्तकात तापमान कक्षा म्हणतात ती हीच वजाबाकी. एका शहरापुरतं वापरलं तर हे माप निरुपद्रवी आहे. दोन शहरं शेजारी ठेवून 'कुठलं हवामान जास्त चंचल?' असं विचारलं की ते दिशाभूल करतं. ती कशी होते हे एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. वही, पेन्सिल आणि आलेख कागद एवढं पुरतं.

आधी आकडे नीट गोळा करा

दोन शहरं ठरवा आणि सलग सात दिवसांचं फक्त कमाल तापमान लिहून घ्या. कमाल आणि किमान एकत्र करू नका. आठवड्यातल्या सर्वांत मोठ्या कमाल तापमानातून सर्वांत लहान किमान तापमान वजा करणारे पुष्कळ जण आहेत. त्यातून दिवस आणि रात्र यांच्यातला फरक कळतो, दिवसादिवसातला फरक कळत नाही. ते दोन वेगळे प्रश्न आहेत.

तारखेकडेही लक्ष द्या. आजच्या पेपरात छापलेलं कमाल तापमान कालच्या दुपारचं असतं. वहीत तारीख दुपारची लिहा, पेपरची नको. एका शहराचे आकडे पेपरातून आणि दुसऱ्याचे मोबाइलवरून घेतले तर एक दिवसाची सरक हमखास होते. शिवाय मोबाइलवरच्या ॲपमधला आकडा बऱ्याचदा प्रत्यक्ष नोंदीचा नसून अंदाजाचा असतो. दोन्ही शहरांसाठी एकच स्रोत वापरा.

मी घेतलेले आकडे खाली आहेत. ते कुठल्या विशिष्ट आठवड्याच्या नोंदी नाहीत, हिशेब सोपा जावा म्हणून पूर्णांकात धरले आहेत. मे महिन्यात अशी आकडेवारी इकडे नवी नाही.

| वार | अकोला | चंद्रपूर |
|---|---|---|
| सोमवार | 43 | 40 |
| मंगळवार | 44 | 38 |
| बुधवार | 43 | 39 |
| गुरुवार | 36 | 40 |
| शुक्रवार | 42 | 45 |
| शनिवार | 43 | 46 |
| रविवार | 43 | 46 |

सरासरी आणि विस्तार काढून बघा

अकोल्याच्या सात आकड्यांची बेरीज 294, भागिले 7, सरासरी 42 अंश. चंद्रपूरची बेरीजही 294 आणि सरासरीही 42.

आता विस्तार. अकोल्यात सर्वांत जास्त 44, सर्वांत कमी 36, म्हणजे 8. चंद्रपुरात सर्वांत जास्त 46, सर्वांत कमी 38, म्हणजे तोही 8.

इथे वर्गात एखादा मुलगा हमखास म्हणतो, "सर, मंग दोन्ही गावं सारखीच हायेत ना! सरासरी बी सारखी, विस्तार बी सारखा." या दोन आकड्यांवर थांबलं तर त्याचं बरोबर आहे. म्हणूनच इथे थांबायचं नाही. त्याला फक्त एवढंच विचारायचं: अकोल्यात कुठल्याही एका दिवशी गेलास तर किती ऊन लागेल? तो तक्ता बघतो आणि म्हणतो, त्रेचाळीसच्या आसपास. आणि चंद्रपुरात? तिथे त्याला एक आकडा सांगता येत नाही. चाळीसच्या आत-बाहेर किंवा पंचेचाळीसच्या वर, दोन्हीपैकी काहीही. बेचाळीस ही चंद्रपूरची सरासरी आहे, पण त्या आठवड्यात तिथे बेचाळीस तापमान एकाही दिवशी नव्हतं.

ठिपके मांडा

हे डोळ्यांना दिसावं म्हणून आलेख कागदावर एक आडवी रेघ ओढा आणि तिच्यावर 34 ते 48 अंश सारख्या अंतरावर लिहा. प्रत्येक दिवसासाठी त्या अंशावर एक ठिपका द्या. एकाच अंशावर दोन दिवस आले तर ठिपका वर चढवा. अकोल्यासाठी एक रेघ, तिच्या बरोबर खाली चंद्रपूरसाठी दुसरी, आणि दोन्हींचे अंश एकाखाली एक जुळलेच पाहिजेत. ते जुळले नाहीत तर चित्र खोटं पडतं.

```
अंश      36 37 38 39 40 41 42 43 44 45 46
                               •
                               •
                               •
अकोला     •                 •  •  •

                      •                 •
चंद्रपूर         •  •  •              •  •
```

अकोल्याचे सहा ठिपके 42 ते 44 मध्ये दाटलेले आहेत आणि एकटा ठिपका लांब 36 वर पडला आहे. चंद्रपुरात दोन वेगळे घोळके आहेत: चार ठिपके 38 ते 40 मध्ये, तीन 45 ते 46 मध्ये, आणि मधे मोकळी जागा.

विस्ताराला यातलं काही दिसत नाही. तो फक्त दोन टोकांचे ठिपके बघतो आणि मधल्या पाच ठिपक्यांबद्दल एक अक्षर बोलत नाही. त्या पाच दिवसांचे आकडे तुम्ही टोकांच्या आत कुठेही हलवलेत तरी विस्तार 8 च राहील. अकोल्याचे मधले पाचही दिवस 37 अंशांचे केले, तरी 8 च. सात दिवसांच्या नोंदी घेऊन त्यातल्या पाच न वाचणारं हे माप आहे. म्हणून मी मुलांना विस्ताराच्या आधी ठिपके मांडायला लावतो.

तो 36 कुठून आला, याची चौकशी करा

अकोल्याचा विस्तार 8 झाला तो एकट्या गुरुवारमुळे. तो दिवस झाकला तर उरलेल्या सहा दिवसांचा विस्तार फक्त 2 येतो. एका दिवसाने माप चौपट होत असेल, तर त्या दिवसाची तपासणी केलीच पाहिजे.

पहिली तपासणी आजूबाजूच्या गावांची. गुरुवारी अमरावती, वाशीम, बुलडाण्याचं कमाल तापमानही घसरलं आहे का ते बघा. मे महिन्यात ढग येतात तेव्हा सहसा एकाच शहरापुरते येत नाहीत, शेजारीही थोडीफार घसरण दिसते. शेजारची सगळी गावं नेहमीसारखी तापलेली असतील आणि अकोला एकटंच 36 वर असेल, तर छपाईची किंवा नोंदीची चूक असण्याचा संशय घ्या. बुलडाणा उंचावर आहे, त्यामुळे तिथलं तापमान एरवीही कमीच असतं. तिथे आकडा किती आहे ते न बघता आदल्या दिवसापेक्षा किती घसरला ते बघा.

दुसरी तपासणी पावसाच्या वेळेची. इथे गावातल्या माणसाचं ज्ञान कामी येतं. आपल्याकडे कमाल तापमान साधारण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान गाठलं जातं. संध्याकाळी सहाला अवकाळी वादळ आलं, गारा पडल्या, अंगणात गारवा पसरला, तरी त्या दिवसाचं कमाल तापमान कमी होत नाही, कारण ते आधीच नोंदलं गेलेलं असतं. गुरुवारचं कमाल तापमान 36 असेल तर सकाळपासून आभाळ भरलेलं असायला हवं किंवा दुपारच्या आधीच पाऊस झालेला हवा. "गुरुवारी संध्याकाळी पाणी आलं होतं" एवढ्या आठवणीवर 36 मान्य करू नका. दुपारी ऊन होतं का, ते विचारा.

आकडा चुकीचा निघाला तर दुरुस्त करा. खरा निघाला तर ठेवा. खरा आकडा 'वेगळा दिसतो' म्हणून खोडणं ही विस्ताराच्या फसवणुकीहून मोठी चूक आहे. त्या दिवशी अकोल्यात खरोखर 36 होतं, आणि अकोलेकरांना तो गारवा मिळाला होता.

यंत्राची चूक किती मोठी असू शकते याचं उदाहरण आपल्या नागपुरातच आहे. मे 2024 च्या अखेरीस नागपूरमधल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश दाखवले आणि बातमी देशभर पसरली. नंतर हवामान खात्याने स्पष्ट केलं की संवेदक बिघडल्यामुळे तो आकडा चुकीचा होता. त्याच काळात दिल्लीतल्या मुंगेशपूर केंद्रावर 52.9 अंशांची नोंद झाली होती. तिथेही संवेदक सुमारे 3 अंश जास्त दाखवत असल्याचं तपासणीत आढळलं.

आता असा आकडा एखाद्याच्या वहीत शिरला असं समजू. उरलेले सहा दिवस उदाहरणापुरते 43, 44, 44, 44, 45, 45 धरा आणि सातवा 56. विस्तार 13 होतो, म्हणजे एका बिघडलेल्या संवेदकामुळे नागपूर अतिशय लहरी हवामानाचं शहर ठरतं. प्रत्यक्षात तिथे सगळा आठवडा एकसारखा तापला होता.

टोकं सोडून मधला पसारा मोजा

ज्या मापाला एकटादुकटा दिवस हलवू शकत नाही असं माप हवं असेल तर सातही आकडे चढत्या क्रमाने लावा. अकोला: 36, 42, 43, 43, 43, 43, 44. चंद्रपूर: 38, 39, 40, 40, 45, 46, 46.

बरोबर मधला, म्हणजे चौथा आकडा, हा मध्यक. अकोल्याचा मध्यक 43, चंद्रपूरचा 40. सरासरी दोन्हीकडे 42 होती, पण मध्यक तीन अंशांनी वेगळे आले. अकोल्याचा 'नेहमीचा' दिवस चंद्रपूरपेक्षा गरम होता, हे इथे पहिल्यांदा कळतं.

त्यानंतर डावीकडून दुसरा आणि सहावा आकडा घ्या. चढत्या क्रमातल्या आकड्यांचे चार सारखे भाग पाडणाऱ्या जागांना चतुर्थकं म्हणतात; सात आकड्यांत पहिलं आणि तिसरं चतुर्थक याच जागांवर येतात, म्हणून एका आठवड्यासाठी हे गणित तोंडी होतं. सहाव्यातून दुसरा वजा केला की मधला पसारा मिळतो. पाठ्यपुस्तकात याला आंतरचतुर्थक विस्तार म्हणतात.

अकोला: 43 वजा 42, म्हणजे 1.
चंद्रपूर: 46 वजा 39, म्हणजे 7.

विस्तार दोन्हीकडे 8 होता. मधला पसारा एकीकडे 1 आणि दुसरीकडे 7 निघाला. ठिपक्यांत दिसलेली गोष्ट आता आकड्यात आली. नागपूरच्या उदाहरणावरही हाच हिशेब करा: 43, 44, 44, 44, 45, 45, 56. दुसरा 44, सहावा 45, पसारा 1. 56 च्या जागी 45 लिहिले तरी पसारा 1 च.

संगणकावर करायचं असेल तर ही सूत्रं वापरा. आकडे B2 ते B8 या चौकटींत आहेत असं धरलं आहे.

```
=MAX(B2:B8)-MIN(B2:B8)
=MEDIAN(B2:B8)
=QUARTILE.EXC(B2:B8,3)-QUARTILE.EXC(B2:B8,1)
```

सूत्रात `QUARTILE.INC` किंवा नुसतं `QUARTILE` लिहिलं तर अकोल्याला 0.5 आणि चंद्रपूरला 6 येईल. चतुर्थक काढायच्या पद्धती एकाहून जास्त आहेत आणि सातच आकडे असले की त्यांतला फरक दिसतो. दोन्ही उत्तरं चालतात, पण दोन्ही शहरांना एकच पद्धत लावा.

प्रमाण विचलन काढलं तर?

अकरावी-बारावीची मुलं इथे प्रमाण विचलनाची आठवण करून देतात, आणि ते योग्यच आहे. प्रत्येक दिवस सरासरीपासून किती दूर, त्याचा वर्ग, वर्गांची बेरीज, भागिले सात, आणि वर्गमूळ. अकोल्याच्या वर्गांची बेरीज 44, चंद्रपूरची 74. प्रमाण विचलन अनुक्रमे 2.5 आणि 3.3 येतं.

म्हणजे विस्ताराला न दिसलेला फरक याला दिसतो, कारण हे सातही दिवस वाचतं. पण अकोल्याचे ते 44 उघडून बघा: 1, 4, 1, 36, 0, 1, 1. चव्वेचाळीसपैकी छत्तीस एकट्या गुरुवारचे! दूरचा दिवस वर्ग केल्यामुळे आणखी जड होतो. म्हणून एखादा दिवस फार वेगळा असेल तेव्हा एका आठवड्याच्या तुलनेसाठी मी मध्यक आणि मधला पसारा यांवर जास्त विश्वास ठेवतो. महिन्या-दोन महिन्यांचे आकडे असतील आणि असे एकटे दिवस फारसे नसतील, तर प्रमाण विचलन चांगलं काम देतं.

दिवसांची संख्या सारखी ठेवा

विस्ताराचा आणखी एक दोष आहे आणि तो सहज लक्षात येत नाही. दिवस वाढवत गेलात तर विस्तार वाढेल किंवा तेवढाच राहील, कमी कधीच होणार नाही. नवा दिवस टोकांच्या आत पडला तर फरक नाही, बाहेर पडला तर विस्तार मोठा. त्यामुळे एका शहराचे सात दिवस आणि दुसऱ्याचे दहा दिवस अशी तुलना सुरुवातीपासूनच वाकडी असते. दहा दिवसांच्या शहराला टोकाचा दिवस सापडण्याची संधी जास्त मिळते.

खेड्यात हे घडतं ते पेपरमुळे. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी पेपर येत नाही, कधी गाडी चुकते, आणि एका दिवसाचा आकडा वहीत राहून जातो. आपल्या तक्त्यात नेमका अकोल्याचा गुरुवार राहून गेला असता तर अकोल्याचा विस्तार 2 आणि चंद्रपूरचा 8 आला असता. एका न आलेल्या पेपरने निकाल फिरला. मधला पसारा मात्र तेव्हाही साधारण तेवढाच राहतो. एखादा दिवस सुटला असेल तर तो दिवस दोन्ही शहरांतून काढा आणि वहीत तसं लिहून ठेवा.

विस्तार कुठे उपयोगी पडतो

विस्तार टाकून द्यायचा नाही. टोकं हाच प्रश्न असेल तर तेच माप योग्य आहे. कोंबड्यांचं शेड बांधणाऱ्याला मधल्या पाच दिवसांशी देणंघेणं नसतं. एका दुपारी 46 झालं तर पक्षी मरतात. पण त्यालाही नुसता 8 सांगून भागत नाही, 36 ते 44 आणि 38 ते 46 ही टोकंच सांगावी लागतात, कारण 8 हा आकडा 12 ते 20 या हिवाळ्यातल्या आठवड्यालाही येतो.

अशा कामासाठी मर्यादेवरचे दिवस मोजणं मला जास्त पटतं. हवामान खातं मैदानी भागात कमाल तापमान 45 किंवा त्याहून जास्त गेलं की ते उष्णतेच्या लाटेच्या निकषात धरतं. आपल्या तक्त्यात 45 किंवा जास्तचे दिवस मोजा: अकोला शून्य, चंद्रपूर तीन. संत्र्याच्या बागेत अंबिया बहाराची लहान फळं गळतील का, मजुरांना दुपारी कामावर ठेवावं का, अशा प्रश्नांना हा साधा मोजणीचा आकडा विस्तारापेक्षा सरळ उत्तर देतो.

यातलं कुठलंच माप क्रम बघत नाही

विस्तार, मधला पसारा, प्रमाण विचलन, तिन्ही मापं वार विसरून जातात. चंद्रपूरचा आठवडा असा होता: चार दिवस ढगाळ, मग ऊन चढलं ते चढलंच. तेच आकडे 38, 46, 40, 45, 39, 46, 40 असे आलटून पालटून आले असते तरी तिन्ही मापं जशीच्या तशी राहिली असती, आणि अंगाला मात्र फार वेगळा आठवडा जाणवला असता.

दिवसादिवसातली उडी हवी असेल तर आजच्या आणि कालच्या आकड्यातला फरक, अधिक-उणे न बघता, सहा वेळा काढा. अकोला: 1, 1, 7, 6, 1, 0, बेरीज 16. चंद्रपूर: 2, 1, 1, 5, 1, 0, बेरीज 10. इथे अकोला पुढे गेलं! पसारा चंद्रपूरचा मोठा, पण एकाएकी बदल अकोल्यात जास्त, कारण तिथे तापमान एका दिवसात खाली गेलं आणि दुसऱ्याच दिवशी परत चढलं. यात विरोधाभास नाही, प्रश्न वेगळे आहेत. म्हणून 'जास्त चंचल कोण?' असं मोघम विचारणाऱ्याला मी आधी विचारतो की तुला आठवड्यातले दिवस एकमेकांपासून किती वेगळे हे हवं आहे, की कालपेक्षा आज किती वेगळा हे?

शेवटी तक्त्याखाली टीप लिहायची. नुसतं 'विस्तार 8' लिहू नका. माझे विद्यार्थी ती अशी लिहितात:

"अकोला, सात दिवस, कमाल तापमान: मध्यक 43, मधला पसारा 1, टोकं 36 आणि 44. 36 हा गुरुवारचा, दिवसभर आभाळ होतं, शेजारच्या गावांतही तापमान घसरलेलं. चंद्रपूर, तेच सात दिवस: मध्यक 40, मधला पसारा 7, टोकं 38 आणि 46. आकडे दोन गटांत, सोमवार ते गुरुवार 40 पर्यंत, शुक्रवारपासून 45 आणि वर."